काळजीचं कारण नाही

नोकरदार माणूस राजीनामा द्यायला येतो तेव्हा एकच वाक्य बोलतो, "सर, दोन मिनिटं वेळ आहे का?" पगारवाढ हवी असेल तर तो "जरा बोलायचं होतं" म्हणतो. सुट्टी हवी असेल तर दारातूनच मागतो. उचल हवी असेल तर आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो. पण दोन मिनिटं मागून, आत येऊन, पाठीमागचं दार हळूच लावून घेणारा माणूस दोन महिन्यांत जाणार, हे मी आता दाराच्या आवाजावरून ओळखतो.

जुलैच्या पहिल्याच तारखेला ते दार पंतने लावलं.

पंत हे त्याचं खरं नाव नव्हे. तिशीतल्या या पोराला ऑफिसने ते नाव दिलं, कारण तो विचारल्याशिवाय बोलत नाही आणि बोलला की त्यावर कुणाचं काही चालत नाही. आमची कंपनी कोथरूडच्या एका गल्लीत, खाली पोळी-भाजी केंद्र आणि वर आम्ही अशी आहे. आम्ही दूध संघांसाठी संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर करतो. पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी दूध संघ हा आमचा सगळ्यात मोठा ग्राहक. खरं सांगायचं तर बाकीचे ग्राहक हे आमच्या माहितीपत्रकाच्या सोयीसाठी आहेत.

त्या संघाकडे गावोगावच्या संस्थांचं दूध सकाळ-संध्याकाळ येतं. वजन होतं, नमुना तपासला जातो, फॅट आणि एसएनएफ निघतं, त्यावरून दर ठरतो. एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर, अशी महिन्याला तीन बिलं. बिलातून पशुखाद्य, उचल, बँकेचा हप्ता वजा होतो आणि उरलेल्या रकमेची फाइल बँकेत जाते. फाइल एक दिवस उशिरा गेली तर गावातले फोन संस्थेच्या सचिवाला, सचिवाचे संघाला आणि संघाचे पंतला, अशा उतरंडीने येतात. पंत फोन उचलायचा, "बघतो" म्हणायचा आणि अर्ध्या तासात फाइल जायची. त्याने नेमकं काय बघितलं हे विचारायची आजवर कुणाला गरज पडली नव्हती. तीच आता पडली होती.

"का रे बाबा?" मी विचारलं.

त्याने नव्या नोकरीचा पगार सांगितला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

पंत संघात फार लाडका होता. करार आमच्या कंपनीशी, पण संसार पंतशी, असा मामला. संघाच्या माणसांनी आमच्या मदत केंद्राच्या नंबरवर कधी फोन केल्याचं मला आठवत नाही. तो नंबर करारात आहे, माहितीपत्रकात आहे, माझ्या गाडीच्या काचेवरही आहे. सगळे फोन थेट पंतला. दिवाळीत संघाकडून बासुंदीचे डबे यायचे, त्यातला एक कंपनीच्या नावाने आणि चार पंतच्या. संघाच्या संगणक विभागाचे भाऊसाहेब तर मला "पंतचे साहेब" म्हणूनच लोकांना ओळख करून देत.

आता हे संघाला सांगायचं कसं, यावर मी ऑफिसात बैठक बोलावली. आमचे भागीदार म्हणाले, "इतक्यात काही सांगू नका. कदाचित त्याचं मन बदलेल." हिशेबनीस म्हणाले, "सांगा, पण आधी देखभालीचं बिल जमा होऊ द्या." विक्री बघणारा मुलगा म्हणाला, "सर, पंतला बढती देऊन कंपनीच्या व्यापक जबाबदारीवर पाठवतोय असं सांगू." मी विचारलं, "व्यापक म्हणजे कुठे?" तो म्हणाला, "कंपनीच्या बाहेर. पण ते लिहायचं नाही."

मग मी पत्राचा मसुदा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात पहिला परिच्छेद पावसाळ्याच्या शुभेच्छांचा, दुसरा आपल्या दीर्घ ऋणानुबंधांचा, तिसरा गुणवत्तेबद्दलच्या आमच्या बांधिलकीचा झाला. पंत चौथ्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत, तेही एका पोटवाक्यात, हळूच निघून जात होता. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "दर वाढवताय का?" दुसऱ्या मसुद्यात मी पंतचं जाणं ही संघासाठी सुवर्णसंधी कशी आहे हे मांडलं. ते वाचून ती म्हणाली, "मग इतकी वर्षं त्याला ठेवलात कशाला?"

हे घोळ चालू असतानाच भाऊसाहेबांचा फोन आला. "साहेब, पंत सोडतायत म्हणे?"

मला घाम फुटला. "कोण म्हणालं? पंत काही बोलला का?"

"छे छे, ते कुठं बोलतात! मी त्यांना विचारलं, यंदा दिवाळीच्या दूध फरकाला चार दिवस मुक्कामाला याल ना? तर ते 'बघू' म्हणाले."

"मग?"

"साहेब, पंत 'बघतो' म्हणतात. 'बघू' कधी म्हणाले नाहीत."

एका ओकारा-उकाराच्या फरकावरून ज्या माणसांना बातमी कळते, त्यांच्यासाठी मी चार परिच्छेदांचा आडोसा रचत होतो. यातून मला व्यवसायाचा एक नियम मिळाला. राजीनामा स्वीकारला आणि बदली माणूस ठरला की त्याच दिवशी सांगायचं. त्याआधी सांगितलं तर पुढच्या प्रश्नांना उत्तर नसतं. त्यानंतर थांबलं तर प्रश्न विचारणाराच आपल्याला बातमी देतो. या दोहोंच्या मधली जागा एका दुपारएवढी असते, आणि ती दुपार बहुतेक मालक लोक मसुद्यात घालवतात.

सुदैवाने बदली माणूस आमच्याकडे होता. आमच्याच ऑफिसातली, दोन वर्षं छोट्या डेअऱ्यांची कामं करणारी सांगलीकडची एक मुलगी. घरी दोन म्हशी असल्याने फॅट म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा आधीपासून माहीत होतं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "करते, पण पंत मध्ये बोलणार नसतील तर." ही अट त्या वेळी मला उद्धटपणाची वाटली. पुढे त्या अटीवरच आमचा सगळा कारभार तरला.

मग मी धीर करून संघाच्या कार्यकारी संचालकांना फोन लावला. अशी बातमी आधी फोनवर, निर्णय घेणाऱ्या माणसाला द्यायची आणि पत्र त्याच दिवशी मागून पाठवायचं. आधी पत्र गेलं तर ते पहिल्यांदा आवक-जावक कारकून वाचतो आणि साहेबांपर्यंत बातमी पोचते तेव्हा कंपनी बंद पडलेली असते. फोनवर मी घटवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "साहेब, तसं काळजीचं कारण नाही..."

"काय झालंय?" साहेब ताडकन म्हणाले. "डेटा गेला का?"

"नाही नाही."

"सर्व्हर जळाला?"

"नाही साहेब, पंत सोडतोय."

पलीकडे शांतता. मग साहेबांनी तीन प्रश्न विचारले. "कधी? त्यांच्या जागी कोण? आणि येत्या दहा तारखेचं बिल कोण काढणार?" पंत का जातोय, कुठे जातोय, आमच्या ऋणानुबंधांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या दोन्ही मसुद्यांत या तीन प्रश्नांची उत्तरं सोडून सगळं होतं.

मी उत्तरं दिली. त्यावर साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "एक विचारू? तुम्ही त्यांना देता किती?"

"का हो?"

"नाही, म्हटलं, आम्हीच ठेवून घेतो की त्यांना. इथं क्वार्टर रिकामी आहे. दूध फुकट."

मी नम्रपणे करारातल्या एका कलमाची आठवण करून दिली. एकमेकांची माणसं मुदतीत आणि मुदतीनंतर वर्षभर नोकरीवर घ्यायची नाहीत, असं ते कलम आहे. वकिलाने घातलं तेव्हा मी त्याला हसलो होतो, कारण आमच्याकडून उचलण्यासारखं कुणी आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

आता प्रश्न होता केटीचा. आयटीवाल्यांच्या राज्यात जाणाऱ्याने राहणाऱ्याला ज्ञान द्यायच्या विधीला केटी म्हणतात. सर्वसाधारण केटी अशी होते. जाणारा बोलतो, राहणारा मान हलवतो, सगळ्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा कुणीही बघत नाही. शेवटी एक जाडजूड दस्तऐवज तयार होतो. त्यात जे सगळ्यांना माहीत असतं ते तपशिलाने असतं, आणि जे फक्त एकालाच माहीत असतं तिथे 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलेलं असतं. पंतच्या दस्तऐवजात संगणक चालू कसा करावा यावर पाऊण पान होतं. दरपत्रक कसं बदलावं यावर एक ओळ होती, 'दरपत्रक नेहमीप्रमाणे बदलावे.'

मुलगी रोज म्हणायची, "समजलं." पंत रोज म्हणायचा, "तिला समजलंय." मी रोज संघाला कळवायचो, "केटी उत्तम चालू आहे." एकदा मी सहज तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पंत सांगत होता, ती लिहून घेत होती आणि कीबोर्ड पंतच्या हातात होता. सगळी केटी व्यर्थ जाते ती इथे. कीबोर्ड कुणाच्या हातात आहे हे बघितलं की अहवाल वाचावा लागत नाही.

म्हणून आम्ही तारखांऐवजी बिलं मोजली. दोन महिन्यांत सहा बिलं येतात. पहिली दोन पंतने काढायची आणि तिने बघायचं. मधली दोन तिने काढायची आणि पंतने बघायचं, तेही हाताची घडी घालून. शेवटच्या दोन बिलांना पंतने ऑफिसातच यायचं नाही. या दोन महिन्यांत संघाने नवी सुविधा मागायची नाही आणि आम्ही ती सुचवायची नाही, कारण नवी माणसं आणि नवी कामं एकदम आली की बिघडलं कशामुळे हे कळत नाही. आणि तिच्या शिकण्याचे पैसे संघाच्या बिलात लावायचे नाहीत. हे शेवटचं ऐकून हिशेबनीस पाणी प्यायला गेले.

मधल्या बिलांपैकी पहिल्याला गंमत सुरू झाली. मुलगी बसली, पासवर्ड टाकला, आणि सर्व्हरने ओटीपी पाठवला. तो आला पंतच्या खिशात. संस्थांना जाणाऱ्या एसएमएसचं खातं उघडलं, त्याचाही ओटीपी पंतच्या खिशात. संकेतस्थळाचं नूतनीकरण पंतच्या खासगी ईमेलवर. बँकेत फाइल चढवायची परवानगी संघाच्या अधिकाऱ्याची, पण त्या अधिकाऱ्याने आपलं टोकन हरवू नये म्हणून ठेवायला दिलं होतं पंतकडे. माझ्या लक्षात आलं की नोकरी सोडून पंत चाललाच नव्हता. चालला होता त्याच्या खिशातून आमचा सर्व्हर, संघाचे एसएमएस आणि बँकेचं टोकन. दोन दिवस आम्ही सगळे त्याच्याभोवती बसून एकेक खातं कंपनीच्या नंबरवर वळवत होतो. टोकन रजिस्टर पोस्टाने पाठवायची हिंमत झाली नाही, म्हणून ते घेऊन मी स्वतः एसटीने गेलो.

मग आला तो ८.३ चा प्रसंग.

एसएनएफ काढायची त्या संघाची रीत अशी. लॅक्टोमीटरचं तापमानानुसार दुरुस्त केलेलं वाचन, म्हणजे सीएलआर, त्याला ४ ने भागायचं. फॅटला ०.२१ ने गुणायचं. दोन्हींची बेरीज करून त्यात ०.३६ मिळवायचे. मुलीने खात्री म्हणून एका संस्थेचं गणित कागदावर केलं. सीएलआर २९, फॅट ३.६. म्हणजे ७.२५ अधिक ०.७५६ अधिक ०.३६, झाले ८.३६६. दरपत्रक एका दशांशावर चालतं, म्हणून तिने लिहिलं ८.४. सॉफ्टवेअर म्हणालं ८.३.

तिने पुन्हा गणित केलं. पुन्हा ८.४. तिने पंतकडे पाहिलं. पंत हाताची घडी घालून छताकडे बघत होता.

"पंत, हे ८.३ कसं?"

"तुम्ही मध्ये बोलू नका म्हणालात."

"आता बोला!"

पंत म्हणाला, "फॅट जवळच्या दशांशाला न्यायचं. एसएनएफचा पुढचा आकडा सोडून द्यायचा. ८.३९ आलं तरी ८.३."

"हे दस्तऐवजात कुठंय?"

"नेहमीप्रमाणे या शब्दात आहे."

आकडा दिसायला लहान. पण त्या संघाच्या दरपत्रकात एसएनएफचा एक दशांश खाली गेला की लिटरमागे ३० पैसे कमी होतात. रोज ६०० लिटर दूध घालणाऱ्या संस्थेचं दहा दिवसांचं दूध ६,००० लिटर, म्हणजे एका बिलात १,८०० रुपये. मुलगी ८.४ ला अडून बसली असती तर त्या बिलात संघाचे पैसे अचानक जास्त गेले असते, आणि संस्थांनी चौकशी केली असती की आधी का कमी येत होते. अशा चौकशीला उत्तर द्यायला कोथरूडहून कुणी जात नाही.

मी पंतला विचारलं, "हा नियम तुला कुणी दिला?"

"साहेबांनी. फोनवर. गाडीत होते."

मी कार्यकारी संचालकांना फोन लावला. आकडे वाचून दाखवले. पलीकडे पुन्हा तीच शांतता, पण या खेपेला तिचा पोत वेगळा होता. "हां," ते म्हणाले. "२०१८ ला दूध पावडरीचे भाव पडले होते, तेव्हाची ती तात्पुरती सोय."

"मग आता काय करायचं?"

"आता? आता ते... पंत काय म्हणतात?"

"पंतला बोलायची परवानगी नाही, साहेब."

त्या क्षणी मला उमगलं की पंत जाणार म्हणून साहेब इतके हळवे का झाले होते. आम्हाला वाटत होतं संघाला पंतच्या ज्ञानाची काळजी आहे. संघाला काळजी होती ती पंतच्या स्मरणशक्तीची. तात्पुरत्या सोयी वर्षानुवर्षं टिकायच्या तर त्या कागदावर येता कामा नयेत आणि ज्याला त्या पाठ आहेत तो माणूस बदलता कामा नये. नवी मुलगी येते, कागद मागते आणि सगळा तात्पुरतेपणा उघडा पडतो.

मुलीने साहेबांना अतिशय आदराने सांगितलं, "सर, ८.३ म्हणाल तर ८.३ करते, ८.४ म्हणाल तर ८.४ करते. फक्त लेखी द्या." असं लेखी मागणारं माणूस संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच आलं होतं. विषय संचालक मंडळापुढे 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली गेला, दोन बैठका त्यावर चहा झाला आणि शेवटी पुढच्या तिमाहीपासून जवळचा दशांश धरावा असा ठराव झाला. दुधाचा दर वाढवल्याचं श्रेय चेअरमनसाहेबांनी घेतलं. पंतचा उल्लेख कुठेच नव्हता, हे पाहून तो समाधानाने हसला.

जे पत्र मी शेवटी संघाला पाठवलं, ते एवढंच होतं:

'पंत ३१ ऑगस्टपर्यंत आमच्याकडे आहेत. त्यांच्या जागी अमुक येत आहेत. जुलैअखेरच्या बिलापासून बिलं त्या काढतील. ऑगस्टची शेवटची दोन बिलं पंतशिवाय निघतील. त्यात अडचण आली तर ती ते इथे असतानाच कळेल. तोवर नवी सुविधा घेऊ नये. या हस्तांतराचा खर्च आपल्याला लागणार नाही. ३१ ऑगस्टनंतर पंत फोनवर उपलब्ध असतील असं आम्ही धरलेलं नाही.'

शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं. जाणाऱ्या माणसाच्या नावावर 'गरज लागली तर आहेच' असं उदारपणे लिहून टाकायचा मोह प्रत्येक मालकाला होतो. नव्या कंपनीत सोमवारच्या बैठकीत बसलेला माणूस 'बघतो' म्हणेलही, पण तो 'बघू' या अर्थाने.

पाचवं बिल दोन तास उशिरा गेलं, कारण मुलीने एका संस्थेची पशुखाद्याची वजावट दोनदा लागलेली पकडली. सहावं वेळेवर गेलं. दिवाळीच्या दूध फरकाला ती चार दिवस संघात मुक्कामाला जाऊन आली. बासुंदीचे डबे आले. चार तिच्या नावाने होते. कंपनीच्या नावाचा यंदा आला नाही, आणि मी तो विषय वाढवला नाही.

नव्या वर्षात एकदा साहेबांचा फोन आला. आवाजात वेगळीच लाडीगोडी. आधी संक्रांतीच्या शुभेच्छा दिल्या. मग आपल्या दीर्घ ऋणानुबंधांची आठवण काढली. मग सहकाराच्या मूल्यांवर थोडं बोलले. माझ्या पोटात गोळा आला.

"तसं काळजीचं कारण नाही," ते म्हणाले, "पण आमचे भाऊसाहेब ३१ मे ला निवृत्त होतायत."

भाऊसाहेब म्हणजे शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावलेल्या पिढीतले. गेली कित्येक वर्षं शीतकरण केंद्रांकडून येणारे आकडे ते एकटे गोळा करतात, चुकलेले आकडे फोन करकरून दुरुस्त करतात आणि मगच आम्हाला पाठवतात. कोणत्या केंद्राचा काटा किती चुकतो हे त्यांना तोंडपाठ आहे. कागदावर कुठेही नाही.

"त्यांच्या जागी कोण?" मी विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले.